अठ्ठ्याण्णव अंश

आसेगावच्या बाजूला मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथलं स्वयंपाकघर आमच्या बचत गटाकडे आहे. माझी जाऊ, मी आणि आणखी चौघी, अशा आम्ही सहा बायका. दरवर्षी तपासणी होते आणि स्वयंपाक आमच्याकडेच ठेवायचा की नाही, हे त्यावर ठरतं. गेल्या खेपेला तपासणीला आलेल्या मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या होत्या. हातात फाईल, चेहऱ्यावर हसू नाही. त्यात बुधवार, म्हणजे चिकनचा दिवस.

त्यांनी आधी आमचा अन्न तपासायचा थर्मामीटर मागितला. उकळत्या पाण्यात त्याची सळई धरली. आकडा अठ्ठ्याण्णवावर आला आणि तिथेच थांबला.

"पाणी शंभरला उकळतं. तुमचा दोन अंश कमी दाखवतोय," मॅडम म्हणाल्या. "बटण दाबून शंभरवर आणा."

माझं डोकं तापलं. तो थर्मामीटर मी दर सोमवारी तपासते. पण तोंड आवरलं आणि म्हटलं, "मॅडम, आधी बर्फात पाहून घ्या, मंग बोला."

स्टीलचा उंच पेला घेतला. बर्फ कुटून काठोकाठ भरला, वरून फटी भरतील एवढंच थंड पाणी ओतलं, ढवळलं आणि तीन-चार मिनिटं तसंच ठेवलं. नुसत्या थंड पाण्याचा काही भरवसा नाही, पेला बर्फानेच भरलेला पाहिजे. मग सळई मधोमध धरली, टोक ना बुडाला लागू दिलं ना कडेला. आकडा उतरत उतरत शून्यावर येऊन थांबला.

"इथं बराबर हाये ना? मंग थर्मामीटर खोटा नाही. आपण उंचावर राह्यतो. वाशिमच्या स्टेशनच्या पाटीवर लिहून हाये, समुद्रापासून पाचशेच्या वर मीटर. तीनशे मीटर चढलं की पाणी एक अंश आधी उकळते. आमचं पाणी अठ्ठ्याण्णवलेच उकळते. तुमच्या म्हणण्यानं शंभरवर आणला, तर तो पुढं सगळंच दोन अंश जास्त दाखवंन. कच्चं कोंबडं शिजलं म्हणंन!"

मॅडमनी मोबाईल काढला, काहीतरी शोधलं, वाचलं. "बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या. मोठं मन लागतं असं म्हणायला, हे मी तेव्हाच मानलं. पण खरं सांगते, माझी छाती फुगली होती. सातवी शिकलेली बाई मी.

या सगळ्यात वेळ गेला होता. चिकनच्या तंगड्या रश्श्यात उशिरा पडल्या होत्या आणि तिकडे मुली ताटं घेऊन बसल्या होत्या. जावेने घाईघाईने पातेल्याचं झाकण काढलं, सळई वरच्या लालभडक तर्रीत बुडवली आणि ओरडली, "ब्याण्णव! झालं मॅडम, लिवा!"

मॅडमची मान फाईलमध्येच होती. त्यांनी ब्याण्णव लिहिलं.

मी गप्प बसले असते तर काम तिथेच संपलं असतं. पण तर्री म्हणजे तेल, ते वर तरंगतं आणि आधी तापतं. तिच्याखाली जाड तंगडी आतून कच्ची असू शकते. आजवरची मेहनत एकीकडे आणि ती तंगडी एकीकडे. बोलले तर काम हातचं जाईल अशी भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

"थांबा," मी म्हटलं. सळई गरम पाण्याने धुतली, पुसली. पातेल्यातली सगळ्यांत मोठी तंगडी ताटलीत काढली आणि सर्वांत जाड मांसात बाजूने टोक घातलं. आत हाड लागलं. हाडाला टेकलं की आकड्यावर विसंबता येत नाही, म्हणून थोडं मागे घेतलं आणि आकडा स्थिर होऊ दिला.

सहासष्ट.

"नाही झालं, मॅडम. आतून पंचाहत्तर पाहिजे."

जाऊ माझ्या कानाशी फिसकारली, "कायले बोललीस वं? त्यायनं लिवलं होतं ना!"

"लिवलं होतं. पण खानार पोरी हायेत."

तंगडी परत पातेल्यात टाकली, झाकण लावलं, आच वाढवली. मुलींनी ताटं वाजवायला सुरुवात केली. बारा मिनिटांनी तीन वेगवेगळ्या तंगड्या काढून पाहिल्या, दर वेळी सळई धुऊन. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर. मगच वाढायला घेतलं.

मॅडमनी ब्याण्णवावर काट मारली आणि शेजारी अठ्ठ्याहत्तर लिहिलं. कागदाच्या तळाशी 'तपासणी करणाऱ्याची सही' अशी ओळ असते. तिथे दरवर्षी साहेबलोकांची सही होते. मॅडमनी आपलं नाव लिहिलं, मग कागद फिरवून पेन माझ्यापुढे धरलं.

"याच ओळीत, माझ्या शेजारी," त्या म्हणाल्या. "तपासलं तर तुम्हीच."

स्वयंपाक आमच्याकडेच राहिला. सही करताना नाव मी पूर्ण लिहिलं, आडनावासकट.