साडेएकोणसाठ

समजा, तुमच्यापुढे नोकरीचा अर्ज आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख भरून झाली. आता एक लहानसा चौकोन उरलाय आणि त्याच्या आत टक्क्याचं चिन्ह छापलेलं आहे. हातातल्या गुणपत्रिकेवर टक्के कुठेच नाहीत. तिथे चार वर्षांच्या अभ्यासाचा एकच आकडा आहे, दहापैकी ६.४५. चौकोनात काय लिहाल?

सुरतेतल्या डिंडोलीच्या गायत्रीने ६४.५ लिहिलं. दशांश चिन्ह एक घर सरकवलं, झालं. वर्गातली सगळी पोरं असंच करायची.

साल सत्त्याण्णव. गायत्रीचे वडील, सुपडूआप्पा, बावीस वर्षं कापडाच्या लूमवर उभे होते. दोन्ही कान यंत्रांच्या खडखडाटाने अर्धे गेलेले, त्यामुळे घरातही ते ओरडूनच बोलत. सख्ख्या भावाच्या विरोधाला न जुमानता त्यांनी पोरीला खानदेशात कृषी महाविद्यालयात ठेवलं होतं. गल्लीत ती पहिलीच पदवीधर. आई धुरपदाबाई येईल त्याला तिचा पदवीदानातला फोटो दाखवी, आणि फोटोतल्या काळ्या झग्याला वकिलीचा कोट म्हणे.

बारडोलीच्या पलीकडे एका सहकारी साखर कारखान्याला ऊस विकास सहायक हवा होता. अट होती किमान साठ टक्क्यांची. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ग्रेड पद्धतीची पदवी असल्यास विद्यापीठाचं समकक्षता पत्र जोडावं. म्हणजे तुमच्या आकड्याचे अधिकृत टक्के किती, हे विद्यापीठाने सही-शिक्क्यानिशी सांगायचं. अर्जाला नऊ दिवस उरलेले, आणि टपालाने ते पत्र यायला महिना लागतो, आणि स्वतः गेलं तरी किती दिवस मोडतील याचा नेम नाही, असं तिला ठाऊक होतं.

आप्पांना यात अडचण दिसेना. सुरतेत आल्यापासून त्यांची प्रत्येक अडचण कचेरीबाहेरच्या टायपिस्टच्या टेबलावर सुटली होती. रेशनकार्डावर आडनाव चुकलं, सोगंदनामा, म्हणजे शपथेचा कागद, केला. धुरपदाबाईचा जन्मदाखला नव्हता, सोगंदनामा केला. स्टॅम्पपेपर, नोटरीचा लाल शिक्का, की काम फत्ते.

"पण आप्पा, पत्र विद्यापीठाचं मागितलंय," गायत्री म्हणाली.

"कोर्टना कागद मोठा का कॉलेजना?" आप्पा ओरडले. "कोर्टना कागदले कोण नाही म्हनस?"

तिला पटलं नव्हतं, पण नऊ दिवस तर तिलाही मोजता येत होते. टायपिस्टने तिच्या तोंडचं वाक्य गुजरातीत ठोकलं: माझे ६.४५ म्हणजे चौसष्ट पूर्णांक पाच टक्के होतात, हे मी शपथेवर जाहीर करते. तिने सही केली. शाई वाळेपर्यंत आप्पा कागदावर फुंकर घालत उभे राहिले.

अर्ज चालला. मुलाखतीला तिला बोलावलं. मुख्य शेतकी अधिकारी देसाईसाहेबांनी उसाच्या खोडकिडीपासून ठिबकापर्यंत अर्धा तास विचारलं आणि शेवटी, शेतावर चिखलात उभं राहाल का, एवढंच. ती म्हणाली, चार वर्षं तेच केलंय. साहेब हसले. जागा तुमच्यासाठी ठेवतो, पण सोगंदनाम्यावर नेमणूक होत नाही, पंधरा दिवसांत विद्यापीठाचं पत्र आणा, असं त्यांनी बजावलं. घरी आप्पांनी पेढे वाटले.

दोन दिवसांनी ती विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयात पोचली. अर्ज, फीचं चलन, गुणपत्रिकेची मूळ प्रत, झेरॉक्स, प्राचार्यांचं शिफारसपत्र. शिफारसपत्रासाठी कॉलेजला एक हेलपाटा पडला. पाचव्या दिवशी परीक्षा विभागातल्या कुसुम मॅडमनी टाइप केलेलं पत्र खिडकीतून सरकवलं. त्यावर होतं: ५९.५ टक्के.

"मॅडम, हे चुकलंय," गायत्री म्हणाली.

कुसुम मॅडम चिडल्या नाहीत. अशा पोरी त्यांना रोज भेटत असाव्यात. विद्या परिषदेचा ठराव काढून त्यांनी दाखवला: सरासरीतून अर्धा वजा करायचा, मग दहाने गुणायचं. कारणही दिलं. पन्नास ते एकोणसाठ गुणांना सहा, साठ ते एकोणसत्तरला सात. सहाचा ग्रेड म्हणजे साठ गुण नव्हेत. तो पन्नासाचाही असेल, एकोणसाठाचाही. म्हणून मधले पंचावन्न धरायचे.

गायत्रीने चलनाच्या पाठीवर आकडेमोड करून पाहिली. गणित बरोबर होतं. ती विज्ञानाची पदवीधर. चुकीच्या गणिताशी भांडता येतं, याच्याशी कसं भांडणार? तिने विचारलं, मला सहा मिळाले त्या विषयांत खरे गुण अठ्ठावन्न, एकोणसाठ असतील तर? कुसुम मॅडम म्हणाल्या, असतीलही. पण शिक्षक आमच्याकडे फक्त ग्रेड पाठवतात, आणि उत्तरपत्रिका सहा महिन्यांनी रद्दीत जातात.

"मग माझे खरे टक्के कुणाकडे आहेत?"

"कुणाकडेच नाहीत," कुसुम मॅडम म्हणाल्या. "आहेत ते हेच."

परतीच्या गाडीत ते पत्र तिने तीनदा काढून वाचलं. घरी आप्पांनी सुचवलं, द्यायचंच नाही, हरवलं म्हणायचं. त्यावर धुरपदाबाई पहिल्यांदाच नवऱ्यावर डाफरली, पोरीला खोटं शिकवू नका. गायत्री पत्र घेऊन कारखान्यात गेली.

देसाईसाहेबांनी पत्र वाचलं आणि टेबलावर ठेवलं. मग त्यांनी फाइल उघडून सोगंदनामा त्याच्या शेजारी ठेवला. एक कागद ६४.५ म्हणत होता, दुसरा ५९.५.

"बेन, नुसता अर्धा टक्का कमी पडला असता तर मी संचालकांपुढे तुमच्यासाठी बोललो असतो," ते मोडक्या मराठीत म्हणाले. "अर्ध्या टक्क्याची सूट याआधी दिली आहे. पण तुम्ही पाच टक्के जास्तीचे शपथेवर लिहिलेत. आता सूट मागितली तर मला विचारतील, खोट्या सोगंदनाम्याला सूट देता का?"

मी खोटं नाही लिहिलं, सगळे असंच करतात, ती म्हणाली. साहेब म्हणाले, मला माहीत आहे. आणि फाइल बंद केली. रकाना कोरा सोडून 'पत्र मागवले आहे' एवढं लिहिलं असतं, तरी चाललं असतं, हे तिला जाताना दारातल्या कारकुनाने सांगितलं.

जागा एका दुसऱ्या मुलाला मिळाली. त्याची सरासरी ६.२ होती. त्याचं विद्यापीठ सरळ दहाने गुणायचं.

आज गायत्री भेस्तानच्या एका कारखान्यात कापड तपासते. काचेच्या टेबलावरून कापडाचा ताका सरकत जातो, खालून दिवा जळतो. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विणीतला खड्डा दिसला की ती खडूने खूण करते. खुणा कमी असल्या तर ताका फ्रेश, म्हणजे पहिल्या प्रतीचा, जास्त असल्या तर सेकंड. इथे निदान सेकंड म्हटलेला ताका पुन्हा उलगडून बघता येतो.

आप्पा आता घरात हळू बोलतात, इतकं हळू, की त्यांना स्वतःलाही ऐकू येत नाही. सोगंदनाम्याची घरातली प्रत त्यांनी पेटीत तळाशी घातलीय. फाडा म्हटलं तरी फाडत नाहीत. कोर्टाचा कागद आहे ना.

दर दिवाळीला गायत्री विद्यापीठाला एक पोस्टकार्ड टाकते. उत्तर येत नाही, हे तिला ठाऊक आहे. मायन्यानंतर त्यात एकच ओळ असते: मला ज्या विषयांत सहा मिळाले, त्या उत्तरपत्रिकांवर शिक्षकांनी लाल शाईने खरे गुण किती लिहिले होते?