रोज की सोम

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. हे मी कुणी न विचारताही सांगते, आणि मला त्याची लाज वाटत नाही. वडील काल्हेरच्या गोदामात हमाल होते. मी बी. फार्म. झाले, रजिस्ट्रेशन घेतलं आणि भिवंडीतल्या एका जुन्या मेडिकलमध्ये कामाला लागले. दुकानाचे मालक वयस्कर, कोकणी मुसलमान. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. माझं सर्टिफिकेट फ्रेम करून त्यांनी काउंटरच्या मागे लावलं आणि मला सांगितलं, "कायद्याला हे भिंतीवर लागतं. आता तू कॅल्शियमच्या बाटल्या पुसायला घे."

एका मंगळवारी सकाळी कोन गावचे एक काका आले. पन्नाशीचे, कामतघरला पॉवरलूमवर कामाला होते. तुटलेला धागा बोटांनी गाठायचं काम, आणि बोटंच सुजलेली. चिठ्ठीसुद्धा त्यांनी दोन तळव्यांत धरून पुढे केली. सांधेवाताच्या डॉक्टरांची होती. पहिल्या ओळीत औषधाचं नाव नीट होतं, मेथोट्रेक्सेट. पुढे एक आकडा. तो 7.5 असेल किंवा 2.5, कारण सातच्या पोटात आडवी रेघ मारायची की दोनची शेपटी ओढायची हे डॉक्टरांनी ठरवलेलं नव्हतं. त्यापुढे, पेशंटला कळावं म्हणून, मराठीत एक शब्द. शिरोरेघ नव्हती. पहिल्या अक्षराला ओकार होता. तो शब्द 'सोम' असेल किंवा 'रोज'.

ज्यांना हे औषध माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सांधेवाताला ही गोळी आठवड्यातून एकदाच देतात, ठरलेल्या वारी. तीच रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कमी होतात आणि माणूस जाऊ शकतो. म्हणजे माझ्यासमोर दोन आकडे आणि दोन शब्द होते. खालच्या ओळीत सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी होती आणि तिच्यापुढे 'गुरु' स्वच्छ दिसत होतं. त्यावरून वरचं 'सोम' असावं असं मला वाटलं. पण वाटण्यावर हे औषध देत नाहीत. आणि आकडा तर वाटण्यातही बसत नव्हता.

"काका, डॉक्टरांनी गोळी कशी घ्यायला सांगितली?"

"सांगितला तर हाय. पन आत पंखा लय वाजत होता."

मी दवाखान्यात फोन लावला. तिथल्या कंपाउंडरने सांगितलं, सर फोनवर येत नाहीत, पेशंट बघतायत, काय असेल ते लिहून पाठवा.

चाचा काउंटरच्या टोकाला बसून ऐकत होते. "दे ना त्याला. लिखनेवाला डॉक्टर, खानेवाला पेशंट. मध्ये तू कोण?"

"फार्मासिस्ट," मी म्हटलं.

"वो तो दीवार पे है."

काका म्हणाले, "पुढच्या दुकानात बघू काय, ताई? दुपारची शिफ्ट हाय माझी. हात चालंना म्हनून मालक आधीच तोंड वाकडा करतो."

"चिठ्ठी तुमची आहे, कुठेही जा. पण ही गोळी आठवड्याची आहे. कुणी तुम्हाला रोजची म्हणून दिली, तर पुढची चिठ्ठी लिहून घ्यायला तुम्ही नसाल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे पाहिलं आणि स्टूलवर बसले. "लिवा मंग."

मी लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, कारण पदवी इंग्रजीत घेतली होती आणि ती वापरायला अशी जागा फार मिळत नव्हती. शाळेत रजेचा अर्ज जसा शिकवला होता तशी सुरुवात केली, रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट. पहिल्या परिच्छेदात मी कोण, शिक्षण काय, रजिस्टर्ड कशी. दुसऱ्यात डॉक्टरांचा किती मौल्यवान वेळ मी घेते आहे आणि त्याबद्दल मला किती खेद आहे. प्रश्न तिसऱ्यात होता. 'तुमचं अक्षर लागत नाही' हे उद्धट वाटेल म्हणून मी लिहिलं की कागदावर बहुधा काही दोष असावा. शेवटी आपली परवानगी असावी अशी विनंती. कशाची परवानगी, ते आज वाचून मलाही कळत नाही. पान भरलं. खाली सही, शिक्का.

काका चिठ्ठी आणि पत्र घेऊन रिक्षाने गेले आणि पाऊण तासाने परत आले. माझ्या पत्रावर कोपऱ्यात डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'OK'. खाली सही. हे मात्र अगदी सुवाच्य होतं.

चाचांनी चष्मा वर करून वाचलं. "मुबारक हो. परवानगी मिळाली."

"काय म्हनतान डॉक्टर?" काकांनी विचारलं.

"हो म्हणतात."

"कशाला?"

डॉक्टरांचा आकडा मला लागला नव्हता आणि माझं पानभर पत्र डॉक्टरांना लागलं नव्हतं. वडील सांगायचे, ज्या बॉक्सवरचा पत्ता पुसलाय तो गाडीत चढवायचा नाही, बाजूला काढायचा आणि ओरडून विचारायचं. ओरडून. अर्ज करून नाही.

दुसरं पत्र मी मराठीत लिहिलं. 'डॉक्टर, सोबतच्या चिठ्ठीतला मेथोट्रेक्सेटचा डोस वाचता येत नाही. औषध दिलेलं नाही. किती मिलिग्रॅम, आणि कोणत्या वारी? आकडा आणि वार अक्षरांत लिहून सही करावी.' तारीख, पेशंटचं नाव, माझी सही, शिक्का, दुकानाचा फोन. 2.5 की 7.5 असे पर्याय मी मुद्दाम दिले नाहीत. दिले असते तर दोन्हींच्या मधोमध खूण आली असती.

काका उठले. "ताई, या टायमाला हो म्हनला तर मी तिथंच बसून र्‍हातो."

वीस मिनिटांनी फोन वाजला. डॉक्टर स्वतः होते.

"पत्र कुणी लिहिलं?"

"मी, सर. फार्मासिस्ट."

"दोन्ही तुम्हीच?"

"हो."

"मग पहिलं कशाला लिहिलं?"

मी कागद पुढे ओढला. "डोस, सर?"

"साडेसात. सोमवारी. आठवड्यातून एकदाच."

"साडेसात मिलिग्रॅम, फक्त सोमवारी, आठवड्यातून एकदा," मी परत म्हणून दाखवलं. "सर, ते लिहून पण द्या."

पलीकडे पंखा वाजत होता. काका म्हणाले तसा, खरंच फार. "देतो," ते म्हणाले.

काका नवी चिठ्ठी घेऊन आले. 'साडेसात' आणि 'सोमवार', मोठ्या अक्षरांत, शिरोरेघेसकट. महिन्याचं औषध होतं. गुरुवारची फॉलिक मी वेगळ्या पाकिटात दिली. मग नाव आणि एक्स्पायरी राहील अशा बेताने मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप कापली आणि चार गोळ्या पाकिटात घातल्या.

"चार?" काका म्हणाले. "चार गोळ्यांसाठी दोन फेऱ्या?"

"वार कोणता ते सांगा."

"सोमवार. पन सुट्टी आमची शुक्रवारची. सोमवार ध्यानात कसा र्‍हायचा?"

"सोमवारी उपास करता?"

"हाय ना. श्रावणापासून धरलाय."

"मग त्याच दिवशी. फराळ झाल्यावर, रिकाम्या पोटी नाही. आणि दीड-दोन महिने लागतील हातांची सूज उतरायला, आठ दिवसांत सोडू नका. तोंड आलं किंवा ताप आला तर गोळी थांबवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा."

त्यांनी सगळं माझ्यासमोर परत म्हटलं. मग बोटांवर काहीतरी मोजलं. बोटं मिटत नव्हती, म्हणून टेकवून मोजलं.

"ताई, आज मंगळवार."

"हो."

"म्हंजे पयली गोळी सहा दिवसांनी."

"हो."

"आनि मी शिफ्ट चुकंल म्हनून रिक्षावाल्याच्या डोक्यावर बसलेलो." ते दोन्ही पाकिटं तळव्यांत धरून निघाले. पायरीवर थांबून म्हणाले, "रोज असता तर आज दुपारीच खाल्ली असती."

चाचांनी दोन्ही पत्रं फाइलला लावायला मागितली. मी म्हटलं, दुसरं पुरे. त्यांनी पहिलंही लावलं, वर. "अंग्रेजी अच्छी है," ते म्हणाले, "पण पुढच्या वेळी दुसरं पत्र आधी लिही."