पेन्सिलीची खूण

आमच्या अन्नपूर्णा भागातल्या बिल्डिंगमध्ये बारा फ्लॅट आहेत, आणि त्यांच्या मेंटेनन्सचा कागद अकरा वर्षं मीच लिहीत होतो. फ्लॅट नंबर, ठरलेली रक्कम, जमा. रेघा पट्टीने मारलेल्या. कुणी कधी वाहवा केली नाही, आणि मला ती नको होती असं मी समजत होतो.

मग पुण्याहून बदलून आलेली एक बाई वरच्या मजल्यावर राहायला आली. तिने माझ्या सप्टेंबरच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाली, "काका, मी यावरून सगळ्यांची जमा-बाकी टाइप करून ग्रुपवर टाकते. जमाचा रकाना कोरा आहे ते सगळे बाकी ना?"

कोरा रकाना म्हणजे बाकीच, असं नव्हतं. ज्याने आगाऊ भरले, त्याची रक्कम मी आलेल्या महिन्यात मांडतो आणि पुढच्या महिन्यांत फक्त पेन्सिलीने बारीक खूण करतो. ती खूण फोटोत उठली नव्हती. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मी म्हणालो, "कागदावर जे आहे ते आहे."

संध्याकाळी यादी आली. स्वच्छ, सरळ, खाली बेरीजसुद्धा. लगेच कुणा हिंदीभाषी शेजाऱ्याने लिहिलं, "भाभीजी, कमाल कर दी." माझा जळफळाट झाला. मग तळमजल्यावरच्या आजींच्या नावापुढे 'जमा शून्य, बाकी एक हजार' दिसलं आणि मला चक्क आनंद झाला. आजी रिटायर्ड मास्तरीण, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी जुलैतच तीन महिन्यांचे भरले होते. मला वाटलं, उद्या त्या हिची चांगली हजेरी घेतील.

सकाळी आजी माझ्याच दारात उभ्या राहिल्या. हातात पाचशेच्या दोन नोटा.

"भाऊ, माफ करा हं. मला तर पक्कं वाटत होतं की जुलैत दिले. पण यादी तुमच्या कागदावरून केलीय म्हणे, म्हणजे बरोबरच असणार. माझंच डोकं आता काम नाही करत." त्यांनी नोटा पुढे केल्या.

मला माझीच लाज वाटली. मी जुलैचा कागद काढून त्यांना तीन हजारांचा आकडा दाखवला. त्यांनी तो बोट ठेवून दोनदा वाचला. मग मी ग्रुपवर लिहिलं की चूक माझी आहे, खुणेचं मी सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांत दुरुस्त यादी आली, आणि "इतनी जल्दी" म्हणून अंगठे पुन्हा तिलाच मिळाले. तेही मला झोंबलंच.

आजी आता दर वेळी पैसे देताना माझ्याकडून सहीची पावती मागतात. अकरा वर्षांत त्यांनी ती कधी मागितली नव्हती.