शनीच्या ओळीतली चौकट

चष्मेवाल्यांनी आयुष्यात कुणाची डावी काच उजवीकडे बसवली नव्हती. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ते ज्योतिषाच्या वर्गाला यायचे आणि मागच्या बाकावर गप्प बसायचे. बायको बहिणीकडे राहायला गेली होती. ती परत येईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आज दोघांच्या ग्रहयोगांचा छापील तक्ता पुढे ठेवून त्यांनी ते विचारलं.

"ते तक्ता सांगत नाही," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "दोघांचं कुठे जुळतं, कुठे घासतं, तेवढं दिसतं. वाचा."

एकाच माणसाचा तक्ता अर्धा असतो, जिन्यासारखा, कारण दोन्हीकडे तेच ग्रह. दोघांचा मात्र पूर्ण. एकाचे ग्रह डावीकडे, दुसऱ्याचे वर, आणि मधल्या चौकटींत योगांच्या खुणा. चष्मेवाल्यांनी पहिल्या ओळीवर पट्टी ठेवली.

"रवी. रिकामी चौकट सोडायची. चंद्राखाली त्रिकोण, म्हणजे नवपंचम, जुळणारा योग. फरक चार अंश."

"छान. फरक जितका कमी, तितका योग घट्ट. पुढे?"

चंद्राची ओळ त्यांनी चटकन संपवली. शनीखालची चौकट तिथे कोरीच होती. बुध, शुक्र, मंगळ, गुरू करत पट्टी शनीवर आली.

"इथे चंद्राखाली चौकोन. केंद्रयोग, घासणारा. फरक एक अंशसुद्धा नाही. तिचा शनी माझ्या चंद्रावर. म्हणूनच घरात माझा जीव गुदमरायचा."

"डावीकडे कोण आहे?"

"ती. संगणकात तिचं नाव आधी भरलं होतं."

"नावाच्या क्रमावर जाऊ नका हो. डावीकडचा शनी कोणत्या राशीत लिहिलाय?"

"कर्क."

"आता तिची कुंडली काढा."

त्यांनी काढली. तिचा शनी सिंहेत होता. कर्केतला शनी त्यांचा स्वतःचा. वरचा तुळेतला चंद्र तिचा.

"म्हणजे तुमचा शनी तिच्या चंद्राला दाबतोय. तिचा तुमच्या चंद्राला शिवतसुद्धा नाही. चंद्राच्या ओळीतली ती कोरी चौकट बघा."

पुढच्या बाकावरची शिंपीणबाई हसली. "काका, चष्मा बदला!"

चष्मेवाले हसले नाहीत. "मी हा कागद तिला दाखवून आलोय," ते म्हणाले. "तिने भांडणाचा एक शब्द काढला नाही. 'म्हणजे माझंच चुकलं,' म्हणाली, आणि घराची किल्ली माझ्या हातात दिली."

"मग आज जा. खरं काय ते सांगा."

ते तसेच मेहुणीच्या घरी गेले. दार मेहुणीने उघडलं, तेही साखळी न काढता.

"ती भेटणार नाही, भाऊजी."

"मी उलटं वाचलं होतं. तिला एवढंच सांग."

"परत कागद आणलात?"

"हो."

"तुमची बाजू मांडायला कागद. आता तिची मांडायलाही कागदच!" मेहुणी म्हणाली. "इतकी वर्षं तिच्याकडे नुसतं बघितलं असतंत तरी कळलं असतं."

दार लागलं. चष्मेवाल्यांनी कागदाची घडी केली. तो ठेवायला खिशात हात घातला, तर बोटांना किल्ली लागली.