पुसलेला व्हिडिओ

धाकटी बहीण तापात गेली, तरी लग्न जुळवणाऱ्या ॲपवर तिचं प्रोफाइल तसंच होतं. बोरी अरबच्या एका मुलाच्या वडिलांनी तर तिच्या तेरवीच्या दिवशीच फोन करून विचारलं, "पोरगी पाहाले कधी येऊ?"

तिच्या फोनवरून मी प्रोफाइल डिलीट केलं. मग कळलं, ओळख पटवायला तिनं दिलेलं आधार कार्ड आणि सेल्फी व्हिडिओ तेवढ्यानं जात नाहीत. त्यासाठी तक्रार अधिकाऱ्याला वेगळा मेल करावा लागतो. केला. उत्तर आलं, खातेदारानं मान दोन्हीकडे वळवून स्वतःचा नवा सेल्फी व्हिडिओ पाठवावा. डोकंच फिरलं माझं. मेलेल्या माणसानं मान कशी वळवून दाखवायची? मृत्यूचा दाखला पाठवला, तर माझं आधार मागितलं. एकीचं पुसायला दुसऱ्याचं द्या! दिलं.

शेवटी मेल आला: कागदपत्रं आणि व्हिडिओ कायमचे काढून टाकले आहेत. जिंकल्यासारखा मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"याच खिडकीपाशी काढला होता तिनं तो व्हिडिओ," आई म्हणाली. "मान इकडं कर, तिकडं कर, सांगे तो फोन. तिले हसूच आवरत नव्हतं. तिच्या फोनात असंन नं?"

नव्हता. ॲपमध्ये काढलेला तो व्हिडिओ थेट त्यांच्याकडे गेला होता, फोनमध्ये उरलाच नव्हता.

आईचे हात थांबले.

"मंग पुसाच्या आधी एकदा मले दाखवा, असं काहून नाई लिहिलं त्याईले?"