दाराशी मोजलेलं अंतर

आमची कंपनी बोईसरची. रंग बनवायची. मी तिथे हिशेबखात्यात आणि माझे यजमान स्टोअरमध्ये. आम्ही सालवडला दोन खोल्यांत राहत होतो. कारखान्याचा भोंगा ऐकून पायात चप्पल सरकवली तरी वेळेवर पोचायचो. हवेला कायम कुजक्या अंड्याचा वास. नाल्याचं पाणी कधी जांभळं, कधी पिवळं. पण प्रवास म्हणावा असा काही नव्हता, आणि तेच आमचं सुख होतं हे मला फार उशिरा कळलं.

नव्वदीच्या सुरुवातीला मालकांनी हिशेब आणि खरेदी या दोन्ही विभागांचं ऑफिस मुंबईला हलवायचं ठरवलं. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला. यजमानांना स्टोअरमधून खरेदीत घेतलं, म्हणजे आम्हा दोघांनाही जावं लागणार होतं. घर शोधायला महिनाभर मिळाला.

मुंबईकडचं असं घरचं माणूस म्हणजे माझे थोरले दीर. ते मीरा रोडला राहायचे. सासूबाईही त्यांच्याकडेच. मूळच्या समुद्रकाठच्या घिवलीच्या, आयुष्यभर सुकी मासळी डोक्यावरून नेऊन विकलेल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून मात्र अंथरुणाला खिळलेल्या.

दीर म्हणाले, "शेजारच्याच बिल्डिंगमध्ये मित्राचा ब्लॉक रिकामा आहे. स्टेशन दहा मिनिटांवर. गाडीत अर्धा तास. अंधेरीला उतरलात की ऑफिस. तासाभरात दोघं टेबलाशी."

रविवारी दुपारी आम्ही ब्लॉक बघायला गेलो. त्यांनी स्टेशनवरून रिक्षात बसवून आणलं. रस्ता मोकळा होता आणि खरोखरच फार वेळ लागला नाही. ब्लॉकमध्ये गुळगुळीत फरशी, स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा, खिडकीतून खाडीचं खाजण दिसायचं. यजमान हरखून गेले. सालवडला आमच्या भिंतीला हात लावला की पोपडे पडायचे. ते म्हणाले, "घेऊन टाकू या. दादा शेजारी आहेतच."

मला उगीचच अवघडल्यासारखं झालं. मी दिरांना विचारलं, "दादा, रविवारी रस्ता मोकळा असतो. कामाच्या दिवशी सकाळी कसं असतं?"

"अगं, मुंबईत सगळे जातात. तू काय नवलाची आहेस?"

 मी रजा टाकली आणि मंगळवारी रात्री त्यांच्याकडे मुक्कामाला गेले. यजमानांची पाळी होती, ते बोईसरलाच राहिले.

बुधवारी सकाळी मी त्या रिकाम्या ब्लॉकच्या दारापासून निघाले. स्टेशनपासून नव्हे, दारापासून. माणूस झोपेतून स्टेशनवर उठत नाही. नाक्यावर रिक्षा नव्हती. जी यायची ती भरलेली, किंवा रिक्षावाला हात हलवून पुढे निघून जायचा. शेवटी चालत निघाले. रविवारी रिक्षातून न दिसलेला रस्ता पायांखाली आला. अर्धवट भरावाचा, मध्ये उघडं गटार, त्यावर टाकलेली एक फळी, आणि फळीपाशी रांग. कडेला लोक सकाळचे विधी उरकत बसलेले. माझ्या पुढच्या बाईने पदर नाकाला लावला, मीही लावला. बोईसरच्या रसायनांचा वास मला कधी असा अंगाला चिकटल्यासारखा वाटला नव्हता. स्टेशनला पोचले तेव्हा दिरांची दहा मिनिटं केव्हाच संपली होती.

गाडीचा अर्धा तास मात्र खरा निघाला, म्हणजे गाडी मिळाल्यावरचा. अंधेरीला उतरले आणि पुलावरून पूर्वेला यायलाच कितीतरी वेळ गेला. मग बसची रांग. एक बस न थांबताच गेली. दुसरीत जागा मिळाली, तर ती चौकाचौकात उभी. कंडक्टरला विचारलं, "रोज असंच?" तो म्हणाला, "आज बरं आहे."

नव्या ऑफिसच्या फाटकाशी उभी राहून मी घड्याळ पाहिलं. दोन तासांना थोडं कमी. संध्याकाळी तोच रस्ता उलटा केला, तेव्हा त्याहूनही जास्त लागला, कारण परतताना स्टेशनबाहेर रिक्षांची रांग वेगळी. दिवसाचे चार तास. आणि हे कोरड्या दिवसांत. त्या भरावावर पावसाळ्यात काय होत असेल ते कल्पनेनेच कळत होतं.

घरी शिरले तेव्हा माझ्या पायाला गटाराचा चिखल होता. थोरल्या जाऊबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आलीस? हात धू आणि आईंना शेक दे. मग त्यांचं अंग पुसून घे. पुढच्या महिन्यापासून ते तुझ्याकडेच आहे, आत्तापासून सवय होईल."

मी विचारलं, "माझ्याकडे म्हणजे?"

"म्हणजे काय, शेजारी येताय ना? सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर तू. दुपारचं मी बघेन. आमचे हे म्हणाले, ठरलंय."

माझ्याशी कोणी काही ठरवलं नव्हतं. सासूबाईंचं करायला माझी ना नव्हती. सालवडला न्यायचं म्हणून मी दोनदा विचारलं होतं, तेव्हा दिरांनीच "तिथे हवा वाईट" म्हणून अडवलं होतं. पण या माणसाने माझ्या आयुष्यातले दिवसाचे दोन तास हातोहात गायब केले होते, कारण खरा आकडा सांगितला असता तर आम्ही आलो नसतो. आणि ते स्वतः? त्यांचं काम शेजारच्याच भाईंदरला, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात. अंधेरीला ते वर्षातून एकदा जात असतील. मला त्या क्षणी त्यांच्या घरातलं पाणीसुद्धा घोटवेना.

रविवारी यजमान आले. दीर अनामतीचं बोलायला लागले, तेव्हा मी सगळ्यांसमोर बुधवारचा प्रवास दारापासून दारापर्यंत सांगितला.

दीर हसले. "सवय झाली की वेळ कमी लागतो."

"सवयीने बस लवकर येते का, दादा?"

"तू हिशेब लिहितेस म्हणून घरात पण हिशेब?"

यजमान खाली बघत होते. ते म्हणाले, "दादा, तू कधी सकाळचा मरोळला गेलायस?" आवाज चढवला नाही, पण विचारलं.  दीर म्हणाले, "आईचं कोण करणार ते सांगा."

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाई बोलल्या. दार उघडंच होतं. "माजं नाव नको घेव. पोरीला रोज येवढी फिरवून मला कसला सुख हाय? ती दमून येल आनि माज्या अंगावर वसकन येल. मला तसा नाय पायजे."

जाऊबाई म्हणाल्या, "बघा, आम्ही करतो ते दिसत नाही कुणाला." आणि भांडी आपटू लागल्या.

आम्ही मरोळला चाळवजा इमारतीत एक खोली घेतली. खाली पिठाची गिरणी. कपड्यांवर, केसांत, दुधाच्या पातेल्यावर पीठ बसायचं. संडास सामायिक, त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. फरशी खडबडीत होती. पण ऑफिसला पायी जाता येत होतं आणि अंधार पडायच्या आत मी घरात असायचे.

पहिल्याच महिन्यात आम्ही सासूबाईंना तिथे आणलं. दिरांनी अडवलं नाही. हवेचा प्रश्नही निघाला नाही. त्यांच्या बिल्डिंगखाली टॅक्सी थांबली तेव्हा त्यांनी आईची पिशवी घराच्या दारात ठेवली आणि जिना उतरून खालीसुद्धा आले नाहीत. नातेवाइकांत मात्र त्यांनी सांगितलं की धाकटीने आईला घड्याळ लावून मोजलं. ते ऐकून मला आधी चीड आली, मग नुसती किळस.

सासूबाई गिरणीच्या घरघरीवर वैतागायच्या. "हा बंद कवा होतो?" असं रोज विचारायच्या. जेवणाच्या सुट्टीत मी चालत घरी येऊन त्यांचं करून जायचे; संध्याकाळी आल्यावर त्यांना शेक द्यायचे, आणि त्या मला घिवलीच्या बोटींच्या गोष्टी सांगत केसांतलं पीठ झटकायच्या.