अनुक्रमणिकेतला एका पानाचा फरक

बायकोच्या पीएचडीला पाच वर्षं लागली. या पाच वर्षांत तिचा एकही तक्ता माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय टाइप झाला नाही. मी पंचायत समितीत लेखा विभागात आहे. उभ्या रकान्याची बेरीज आणि आडव्या ओळीची बेरीज एकाच आकड्यावर येऊन मिळाली नाही, तर मला जेवण जात नाही. तिचा विषय देऊळगाव राजा तालुक्यातल्या बचत गटांतल्या दीडशे महिला. त्या दीडशे जणी मी तिच्याइतक्याच मोजल्या आहेत. त्यामुळे या प्रबंधात निम्मा मी आहे, असं मला मनातून वाटायचं. तसं मी कधी बोललो नाही, आणि तिनेही कधी म्हटलं नाही.

प्रबंध सादर करायची मुदत एका शुक्रवारी संपत होती. विद्यापीठाला प्रबंध एकाच पीडीएफमध्ये हवा होता. पानांचे आकडे सलग, बाजूला प्रकरणांचे बुकमार्क, आणि अनुक्रमणिकेतल्या ओळीवर क्लिक केलं की ते पान उघडलं पाहिजे. शिवाय बांधीव पाच प्रती. आमच्याकडे सात प्रकरणांच्या सात फाइली होत्या, शिवाय सुरुवातीची पानं आणि संदर्भसूची वेगळी, पाच वर्षांत वेगवेगळ्या वेळी केलेल्या, आणि प्रत्येकीचं पहिलं पान १.

जोडणी आधी मीच करून पाहिली. इंटरनेटवरच्या एका फुकट सोयीवर सगळ्या फाइली चढवल्या आणि एक करून घेतल्या. त्या सोयीने त्या नावाच्या क्रमाने लावल्या, म्हणून संदर्भसूची दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणाच्या मध्ये जाऊन बसली. क्रम नीट लावला, तरी पानांचे आकडे १, २, ३ करत जात आणि पुढच्या प्रकरणाला पुन्हा १. अनुक्रमणिका तर नुसतं चित्र. कितीही बोट दाबा.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी सरांना विचारते."

सर म्हणजे जालन्याचे एक प्राध्यापक. तिच्याच मार्गदर्शकांकडे चार वर्षांपूर्वी पीएचडी झालेले, वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. रविवारी सकाळच्या बसने आले आणि जेवणाच्या टेबलाशी माझ्या खुर्चीत बसले. दुसऱ्या तीन खुर्च्या मोकळ्या होत्या.

काम त्यांना येत होतं, हे मी नाकारत नाही. त्यांनी पीडीएफला हातच लावला नाही. आधी मूळ वर्डच्या फाइली उघडून प्रत्येक प्रकरणाचे जुने आकडे काढले. नाहीतर एका पानावर दोन आकडे आले असते, जुना आणि नवा. मग नव्याने पीडीएफ केल्या, क्रमाने जोडल्या. सुरुवातीच्या चौदा पानांना, म्हणजे प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, तक्त्यांची यादी यांना रोमन आकडे दिले आणि पहिल्या प्रकरणापासून १ ते २६२ सलग छापले. बाजूला प्रकरणांची उतरंड लावली, एकेका प्रकरणाखाली त्याची पोटशीर्षकं. शेवटी तिने हाताने टाइप केलेल्या अनुक्रमणिकेतल्या एकेका ओळीवर चौकट ओढून त्या त्या पानाशी जोडली.

ती शेजारी बसून पाहत होती. पहिली ओळ दाबून पहिलं प्रकरण उघडलं, तेव्हा ती हसली. तसं हसू मी तक्ते जुळवल्यावर कधी पाहिलं नव्हतं. दुपारी पातोड्यांचा रस्सा झाला. आमच्याकडे तो वर्षातून दोनदा होतो, आणि त्या वर्षीचे दोन्ही होऊन गेले होते.

सर हात धुवायला गेले, तेव्हा मी माझ्या मोबाइलवर फाइल उघडली. पहिलं प्रकरण उघडलं आणि वर आकडा आला: १५, एकूण २७६. माझ्या जिवाला थंडावा मिळाला.

"सर, तुमचं पहिलं पान पंधरावं दिसतंय," मी जरा मोठ्यानेच म्हणालो.

ते टॉवेलला हात पुसत आले. "मोबाइल नुसते कागद मोजतो हो साहेब. चौदा सुरुवातीचे आणि हा पंधरावा. लॅपटॉपवर बघा." लॅपटॉपवर वरच्या चौकटीत १ होता. "पानांची नावं मी वेगळी लावून दिलीत. मोबाइलला ती कळत नाहीत."

"अहो, यांना चूक सापडली नाही तर झोप येत नाही," बायको म्हणाली, आणि दोघं हसले. मीही हसलो.

सोमवारी मी सगळे तक्ते पुन्हा जुळवले. ते करायची गरज नव्हती, पण घरात माझं एक काम उरलं आहे हे मला दाखवायचं होतं. आणि सापडलंच. तक्ता ३.११ ची बेरीज १४८. दोन बायका गायब. उत्तर न देणाऱ्या त्या दोघींची ओळ टाइप करायची राहिली होती. ती ओळ आणि त्याखाली खुलासा घातल्यावर शहाण्णव नंबरच्या पानावरचा मजकूर दोन पानांवर गेला. बायकोने माझे आभार मानले. मग सरांना फोन लावला.

त्यांनी जालन्याहूनच ते पान आत घातलं, पुढचे छापील आकडे नव्याने पाडले आणि फाइल परत पाठवली. आता २६३ पानं. बायकोने अनुक्रमणिकेतल्या सगळ्या ओळी दाबून पाहिल्या. एकही चुकली नाही.

"बघा, दहा मिनिटांत!" ती म्हणाली.

गुरुवारी दुपारी मी फाइल घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार माझा शाळेतला वर्गमित्र. छपाई, लॅमिनेशन, बाइंडिंग सगळं करतो. त्याने आधी एक प्रत तपासायला काढून दिली. मी स्टुलावर बसलो आणि अनुक्रमणिका उघडली. प्रकरण चौथे: ११८. पान ११८ काढलं, तर तिथे तिसऱ्या प्रकरणाचा शेवट होता. चौथं प्रकरण ११९ वर. पाचवं १६३ ला लिहिलेलं, होतं १६४ वर. शहाण्णवनंतरची प्रत्येक ओळ एकाने चुकलेली.

मला लगेच उमगलं. जोडणी पानाला बांधलेली असते. पान सरकलं की तीही त्याच्यासोबत सरकते. पण अनुक्रमणिकेतला आकडा हाताने टाइप केलेला. तो कुणी बदलल्याशिवाय बदलत नाही. म्हणून दाबून पाहणाऱ्याला सगळं बरोबर दिसणार आणि कागद उलटणाऱ्याला चूक. अनुक्रमणिकेत अशा एकोणतीस ओळी, तक्त्यांच्या यादीत तेहतीस. बासष्ट चुका, आणि सगळ्या सरांच्या.

"काऊन बे, गप काऊन बसला?" मित्राने विचारलं. "लावू का मशीन? का अजून मोजाचं हाय?"

मी प्रत मिटली. तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक पान उलटेल, चूक दिसेल, बायको सरांकडे पाहील, हे सगळं मला तिथे स्टुलावर बसल्या बसल्या दिसलं. तोच चुकलेला कागद तिच्याही समोर असेल, तेवढं मी पाहिलं नाही.

"चालू दे," मी म्हणालो.

संध्याकाळी ती तपासणीची प्रत घेऊन माझ्यासमोर बसली.

"परीक्षक असंच विचारतात. तुम्ही काहीही विचारा, मी अनुक्रमणिकेवरून पान काढून दाखवते."

"पाचवं प्रकरण," मी म्हणालो. तोंडातून तेच निघालं.

तिने ओळीवर बोट ठेवलं, १६३ काढलं आणि थांबली. परत अनुक्रमणिकेवर आली, परत १६३. "माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. चष्मा पुसला. सहाव्या प्रकरणाचं पान काढलं, तेही नाही. आता तिची बोटं घाईत पानं उलटत होती, आणि ओठ हलत होते, तोंडी हिशेब करणाऱ्या मुलासारखे. पाच वर्षांत मी तिला इतकी घाबरलेली पाहिली नव्हती.

"तुझं चुकत नाही," मी म्हणालो. "अनुक्रमणिका चुकली आहे. एका पानाने. मला आत्ता कळलं."

शेवटचं वाक्य खोटं होतं.

तिने सरांना फोन लावला, मी तो तिच्या हातून घेतला. चूक सांगताना आवाज साधा ठेवायचं मी ठरवलं होतं. तो राहिला नाही. सरांनी पुरतं ऐकून घेतलं.

"चूक माझीच, साहेब. पान घातल्यावर अनुक्रमणिकेचे आकडे बदलून घ्या असं सांगायला हवं होतं. मी नुसत्या लिंका पाहिल्या. बरं झालं तुम्ही कागदावर पाहिलंत."

इतकी वाट पाहून मी त्यांना चुकीत धरलं आणि ते सरळ चूक कबूल करून मोकळे झाले. मग त्यांनी उपाय सांगितला. वर्डमध्ये आकडे बदलून अनुक्रमणिकेची आणि तक्त्यांच्या यादीची मिळून पाच पानं पुन्हा पीडीएफ करा. पण जुनी पानं काढून नवी घालू नका, तसं केलं तर त्यांच्यावरच्या चौकटी जातील. 'रिप्लेस' करा, म्हणजे खालचा मजकूर बदलेल आणि जोडण्या जागच्या जागी राहतील.

आतली पानं बरोबरच होती. पाच प्रतींत पाच-पाच, म्हणजे पंचवीस कागद बदलले की झालं. आम्ही दोघं दुकानात गेलो. पाचही प्रती छापून झाल्या होत्या आणि दोन शिवून, डिंक लावून दाबाखाली होत्या.

"समोरची पाच-पाच पानं बदलायची आहेत," मी म्हणालो.

मित्राने कात्री खाली ठेवली. "आता? अबे दुपारी तूच पानं उलटू उलटू पाह्यत होता ना! मी विचारलं, लावू का मशीन? तं तू म्हनला चालू दे. भाभी, विचारा यालेच."

तिने विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलं फक्त. मग दाबाखालच्या प्रतींकडे वळली आणि म्हणाली, "भाई, उकलता येतील?"

"एक येईल. दुसरीचा डिंक धरला. ती फाडाच लागेल, नवी छापतो."

घरी येऊन आम्ही आकडे बदलले. ती पान काढून नुसता आकडा सांगायची, मी टाइप करायचो. ११९. १२३. १२७. बासष्ट आकडे झाल्यावर मी पाच पानं बदलली, आणि तिने एकेक ओळ दाबून पाहिली. दाबल्यावर उघडलेलं पान आणि ओळीसमोरचा आकडा, दोन्ही. सगळे जुळले. रात्रीच फाइल मित्राला पाठवली, त्याने पानं बदलून प्रती बांधल्या.

शुक्रवारी सकाळी प्रती घेऊन ती विद्यापीठात गेली, मी सोबत. तिथूनच फाइल चढवली. पोच आल्यावर तिने पहिला फोन सरांना केला. मी दोन पावलांवर उभा होतो. ते काहीतरी विचारत असावेत, कारण ती म्हणाली, "हो, छापायच्या वेळीच लक्षात आलं. यांच्याच."

फोन ठेवून ती माझ्याकडे आली.

"काल दुपारचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगणारही नाही. त्यांच्यासमोर तुम्हाला लहान करायला मला आवडत नाही. पण मी तशीच तोंडी परीक्षेला बसले असते, तर तुम्ही काय पाहणार होतात, ते मला एकदा सांगा."

तिने पोचपावतीची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि स्टँडकडे चालू लागली. मी मागून चाललो. सरांशी ती चार मिनिटं बोलली होती. घड्याळ मी तेव्हाही पाहिलं होतं.